पेरणीची उचल आणि हप्त्यांचा कागद: इस्लापूर परिसरातील मालकांना खुले पत्र

प्रति,
इस्लापूर आणि किनवट तालुक्यातील दुकाने, पेट्रोल पंप, दवाखाने, खासगी शाळा व जिनिंगचे मालक-चालक यांस



मे सरत आला की तुमच्याकडे महिन्याच्या पगारावर काम करणारी माणसे एकेक करून पैशांची गोष्ट काढू लागतील. काही जण दुकान बंद करताना अडखळत बोलतील, काही जण दुसऱ्याच्या तोंडून निरोप देतील. तुमच्यातले काही मालक खिशातून हजार-दोन हजार काढून देतील, काही जण 'बघू' म्हणतील आणि ते बघणे पेरणी होऊन गेली तरी होणार नाही. या साऱ्याऐवजी एक नीट व्यवहार व्हावा, यासाठी हे पत्र आहे. विनंती अशी, की बारमाही कामावर असलेल्या माणसाने लेखी अर्ज दिला तर त्याला दीड महिन्याच्या पगारापर्यंतचा बिनव्याजी अग्रिम जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यावा आणि तो जुलै ते फेब्रुवारी अशा आठ हप्त्यांत पगारातून कापून घ्यावा. माझे म्हणणे थोडक्यात हे, की अग्रिम मालकाला बुडवतो किंवा कामगाराला अडकवतो तो रकमेमुळे नव्हे. परतफेड कधी आणि किती हे आधी ठरलेले नसते, म्हणून तसे होते. मी पगारपत्रके आणि वह्या लिहिणारा माणूस आहे, त्यामुळे बोलायचे ते हिशेबातूनच बोलतो.

आपल्या भागातला पगारदार हा बहुतेक वेळा शेतकरीही असतो. दुकानात काउंटरवर उभा राहणारा, पंपावर नळी धरणारा किंवा दवाखान्यात केसपेपर काढणारा माणूस घरच्या तीन-चार एकर कोरडवाहू रानावरही अवलंबून असतो. पगारातून किराणा, औषधपाणी, वीजबिल आणि पोरांची शाळा चालते, कापसातून आणि सोयाबीनमधून वर्षाची मोठी कामे होतात. या दोन्ही उत्पन्नांचा मेळ एका ठिकाणी बसत नाही. रानाचा खर्च मृगाच्या आसपासच्या पंधरा दिवसांत एकदम येतो आणि कापसाचे पैसे दिवाळीच्या पुढेमागे वेचणी सुरू झाल्यावर येतात. मधले पाच महिने पगार तेवढाच राहतो. त्यामुळे अडचण उत्पन्न कमी असण्याची आहे तेवढीच ते उत्पन्न चुकीच्या वेळी येण्याचीही आहे, आणि हा दुसरा भाग मालकाला फारसा खर्च न करता सोडवता येतो.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. समजा, महिना 12,000 रुपये पगाराचा एक माणूस आहे आणि त्याला तीन एकर कापूस लावायचा आहे. एकरी दोन पाकिटे धरली तर बीटी बियाण्याची सहा पाकिटे लागतात. 2025च्या खरिपात पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती, म्हणजे 5,406 रुपये. एकरी एक पोते डीएपी धरले तर 1,350च्या भावाने तीन पोत्यांचे 4,050 रुपये आणि युरियाची तीन पोती 266 रुपये 50 पैशांच्या भावाने साधारण 800 रुपये. इथपर्यंत 10,256 रुपये होतात. ट्रॅक्टरची पाळी, सरकी टोबायला लागणारी मजुरी आणि पहिली खुरपणी यांना मिळून 7,700 रुपये धरले की बेरीज 17,956 वर जाते. अर्जात मागायची रक्कम 18,000, म्हणजे बरोबर दीड पगार. खते बाजारात लिहिलेल्या भावाने मिळतीलच असे नाही आणि सोबत दुसरेच काही घ्या असा आग्रहही होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरीही हिशेब असाच मांडावा. 'पेरणीसाठी वीस-पंचवीस हजार' असे मोघम मागणाऱ्यापेक्षा पाकिटे आणि पोती मोजून मागणाऱ्याला नकार देणे अवघड जाते, आणि मालकालाही रक्कम कशात जाते आहे हे दिसते.

तुम्ही नाही म्हटले म्हणून पेरणी थांबत नाही. पैसा दुसरीकडून येतो, फक्त महाग येतो. बी-खत उधारीवर उचलले तर त्याचा भाव रोखीपेक्षा चढा लागतो, आणि पुष्कळदा अट अशी असते की माल त्याच दुकानदाराच्या काट्यावर आणायचा. मग कापसाचा भाव ठरवताना शेतकऱ्याचा हात आधीच बांधलेला असतो. बचत गटाच्या नावाने चालणाऱ्या मायक्रोफायनान्सचे कर्ज वर्षाला 24 टक्क्यांच्या आसपास पडते. 18,000 रुपयांचे बारा महिन्यांचे कर्ज घेतले तर महिन्याला सुमारे 1,700 रुपयांचा हप्ता लागतो, आणि तो जुलैपासूनच, म्हणजे घरात दाणा नसतानाच सुरू होतो. हप्ता चुकला तर गटातल्या इतर बायकांना तो भरावा लागतो, त्यातून शेजारपाजार तुटतो. तिसरी वाट खासगी सावकाराची. राज्याच्या 2014च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला 9 आणि विनातारण असेल तर 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. पण गावोगावचा चालू दर महिन्याला शेकडा पाच आहे, म्हणजे वर्षाला साठ टक्के. तो कागदावर कुठेच नसतो, म्हणून कायद्याचा दर त्याला लागू करून घेणेही कुणाला जमत नाही.

आता हाच पैसा तुमच्याकडून गेला तर तुम्हाला किती पडतो ते पाहू. मी सुचवलेले हप्ते असे आहेत: जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांच्या पगारातून प्रत्येकी 1,000 रुपये, ऑक्टोबरमध्ये 1,500, नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीत प्रत्येकी 3,500, आणि फेब्रुवारीत उरलेले 3,000. बेरीज 18,000. जूनपासून दर महिन्याला किती बाकी उभी राहते ते ओळीने लिहिले तर जून आणि जुलैत प्रत्येकी 18,000, मग 17,000, 16,000, 15,000, 13,500, 10,000, 6,500 आणि 3,000 असे आकडे येतात. त्यांची बेरीज 1,17,000. तुमचे बँकेत कॅश क्रेडिट खाते असेल आणि त्यावर वर्षाला 12 टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का व्याज पडत असेल, तर या साऱ्या अग्रिमाची तुमची खरी किंमत 1,170 रुपये होते. याच बाकीवर सावकाराने शेकडा पाच लावले तर 5,850 रुपये होतात, आणि सावकार असे हप्ते पाडून घेतच नाही. तो माल आला की एकदम मागतो आणि तोवर पूर्ण रकमेवर व्याज चालवतो. म्हणजे तुमच्या बाराशेच्या आतल्या खर्चात तुमच्या माणसाचे निदान पावणेसहा हजार वाचतात. पगारात वर्षाला तेवढी वाढ मागितली तर तुम्ही विचार कराल आणि तो योग्यच असेल. इथे तेवढा फायदा त्याच्या घरात पोचवायला तुम्हाला त्याच्या पाचव्या भागाइतकाच खर्च येतो.

हप्ते सारखे का नकोत, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक मालक इथेच चुकतात. सरकारी नोकरीतला सण अग्रिम सारख्या हप्त्यांत फिटतो. 2020च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना 10,000 रुपयांचा बिनव्याजी विशेष सण अग्रिम दिला, तो जास्तीत जास्त दहा हप्त्यांत परत घ्यायचा होता, म्हणजे महिन्याला हजार. त्या पगाराला हजार रुपये जाणवत नाहीत. 12,000च्या पगाराची गोष्ट वेगळी आहे. अठरा हजारांचे सारखे आठ हप्ते पाडले तर महिन्याला 2,250 रुपये होतात. जुलैत शाळेची वह्या-पुस्तके, ऑगस्टात दुसरी खुरपणी आणि फवारणी, मग पोळा, मग गौरी-गणपती. या महिन्यांत सव्वादोन हजार कापले की माणूस ऑगस्टातच पुन्हा तुमच्यापुढे उभा राहतो, तुम्ही वैतागून आणखी दोन हजार देता, आणि कागदावरचा हिशेब तिथेच मोडतो. एकदा अग्रिमावर अग्रिम चढला की बाकी किती हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीला हलका हप्ता आणि कापूस घरात आल्यावर जड हप्ता. सर्वांत जड हप्ता 3,500चा आहे, पगाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी, आणि तो ज्या महिन्यांत पडतो त्या महिन्यांत घरात दुसरा पैसा असतो.

अर्ज कसा असावा, याचा नमुना इथेच देतो, म्हणजे कुणाला लिहायचा झाला तर शब्द शोधत बसावे लागणार नाही.

'मा. मालक यांस, मी आपल्याकडे चार वर्षांपासून मासिक 12,000 रुपये पगारावर काम करतो. यंदा तीन एकर कापसाच्या लागवडीसाठी मला 18,000 रुपयांचा अग्रिम हवा आहे. बियाणे 5,406, खते 4,850 आणि पाळी, टोबणी व खुरपणीची मजुरी 7,700 असा खर्च आहे. पीककर्ज मिळू शकले नाही, कारण सातबारा वडील व चुलते यांच्या सामाईक नावावर आहे. ही रक्कम 5 जूनपर्यंत माझ्या बँक खात्यावर जमा करावी. परतफेड जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या पगारातून प्रत्येकी 1,000, ऑक्टोबरच्या पगारातून 1,500, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीच्या पगारातून प्रत्येकी 3,500 व फेब्रुवारीच्या पगारातून 3,000 अशी कापून घेण्यास माझी संमती आहे. पीक हातचे गेल्यास नोव्हेंबरपासून महिना 2,000 रुपये कापावेत. नोकरी सोडायची झाल्यास त्या दिवशीची बाकी मी हप्त्यांनी भरीन. हा अग्रिम फिटेपर्यंत दुसरा मागणार नाही.'

यात पीककर्जाबद्दलचे वाक्य मुद्दाम घातले आहे. 'बँक आहे की, माझ्याकडे कशाला येता?' असा प्रश्न तुम्ही विचारणार आणि तो रास्त आहे. वेळेवर फेडले तर पीककर्जासारखा स्वस्त पैसा दुसरा नाही, आणि ज्याला ते मिळते त्याने तेच घ्यावे. पण आपल्या तालुक्यात ज्यांना ते मिळत नाही त्यांची कारणे आळसाची नाहीत. पुष्कळांची जमीन अजून आजोबांच्या नावावर किंवा सामाईक आहे. काहींकडे वनहक्काचा पट्टा आहे, आणि विकता किंवा गहाण टाकता न येणाऱ्या त्या जमिनीवर कर्ज द्यायला बँकेचा हात आखडतो. काहींचे जुने कर्ज थकलेले आहे. ज्यांना मंजूर होते त्यांनाही कागदपत्रांच्या फेऱ्यांत पैसा हाती पडेपर्यंत पेरणी उलटून जाते. म्हणून अर्जदाराने कारण लिहावे आणि मालकाने ते वाचावे. कारण लिहिलेले नसेल तर विचारावे.

दुसरा आक्षेप पळून जाण्याचा. इस्लापूरवरून आदिलाबादची गाडी जाते, तेलंगणाची हद्द जवळ आहे, हैदराबादेत कामाला जाणारे थोडे नाहीत. पैसे घेऊन माणूस गेला तर कुठे शोधायचा? ही भीती मी खोटी म्हणत नाही, तिचे माप सांगतो. समजा, जुलैचा हप्ता कापून झाल्यावर ऑगस्टच्या 20 तारखेला तो काम सोडून गेला. बाकी आहे 17,000. त्याचे त्या महिन्याचे वीस दिवसांचे वेतन सुमारे 7,740 रुपये तुमच्याकडेच आहे. त्यातलेही निम्म्यापेक्षा जास्त कापता येत नाही असे धरून चालावे, म्हणजे 3,870 वळते होतील. उरतात सुमारे 13,000 रुपये. एवढी जोखीम खरी आहे आणि ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत जास्त असते. पण ती कुणाच्या बाबतीत घ्यायची हे तुमच्या हातात आहे. वर्ष न भरलेल्या माणसाला दीड पगार देऊ नका, अर्धा द्या. दुसऱ्या वर्षी एक पगार, मग दीड. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: पगार महिना भरल्यावर पुढच्या 7 तारखेपर्यंत होतो, म्हणजे बारा महिने तेरा काळ तुमचा माणूस आधी काम देतो आणि मागून पैसे घेतो. त्याने तुमच्यावर ठेवलेला हा विश्वास कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.

जामीन म्हणून दुसऱ्या कामगाराची सही घेण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती घेऊ नये असे माझे मत आहे. एकाच्या कर्जात दोघे अडकतात, आणि एक गेला की राहिलेल्यावर राग निघतो. साक्षीदार म्हणून सही घ्यायला हरकत नाही.

'एकाला दिले की सगळे मागतील' हेही खरे. त्यावर उपाय रकमेची वरची हद्द आधीच ठरवण्याचा आहे. आठ माणसे आणि प्रत्येकी 12,000 पगार असेल तर महिन्याचा पगारखर्च 96,000 होतो. एका वेळी बाहेर असलेला एकूण अग्रिम एका महिन्याच्या पगारखर्चाच्या आत ठेवायचा, असा नियम केला तर पाच जणांना पूर्ण दीड पगार देता येतो, किंवा आठही जणांना एकेक पगार. कुणाला किती हे माणसांना एकत्र बसवून सांगितले तर कुरकूर कमी होते, कारण रागाचे मूळ नकारात नसते. शेजारच्याला मिळाले आणि मला का नाही, हे न कळण्यात असते. बी-खताच्या दुकानदारांना जून हाच पैशांच्या ओढीचा महिना असतो, हे मला माहीत आहे. त्यांनी रोख रकमेचा काही भाग बियाणे आणि खताच्या रूपाने, पावतीवरच्या रोख भावाने द्यावा, पण कामगाराची मर्जी असेल तरच. मर्जीशिवाय दिलेला माल हा पगारात दिलेला माल होतो, आणि ती वाट चांगली नाही.

आता सर्वांत जड आक्षेपाकडे येतो. तो तुमचा नसून कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठवाड्यात उचल हा शब्द नुसता ऐकला तरी लोकांच्या अंगावर काटा येतो, तो उगाच नाही. ऊसतोडीला जाणारे जोडपे पावसाळ्यात मुकादमाकडून कोयत्याची उचल घेते आणि हंगाम संपला तरी बाकी संपत नाही. सालगड्याचे तसेच. पाडव्याला साल ठरते, तेव्हाच उचल हातात पडते, मग आजारपणाचे खाडे, मध्ये घेतलेले धान्य, लग्नाला घेतलेले पैसे असे एकेक चढत जाते, आणि पुढच्या पाडव्याला कळते की मागचे फिटलेच नाही, म्हणून पुन्हा त्याच वाड्यावर साल. वेठबिगारी पद्धत बंद करणारा 1976चा केंद्रीय कायदा नेमका याच व्यवहाराबद्दल आहे. घेतलेल्या उचलीपायी माणसाला दुसरीकडे काम करता येत नसेल, हवे तिथे जाता येत नसेल किंवा किमान मजुरीपेक्षा कमीवर राबावे लागत असेल, तर तो कायदा त्या कर्जालाच रद्द ठरवतो आणि राबवून घेणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा सांगतो. म्हणून पगारावरचा अग्रिम सुचवताना मला हे सांगावेच लागेल की तो सालगड्याच्या उचलीपासून वेगळा कशाने राहील.

दोन्हींत पैसा आधी मिळतो आणि दोन्हींत तो कामातून फिटतो. फरक एवढाच की एकात बाकी दर महिन्याला किती कमी होणार हे पहिल्या दिवशीच दोघांनाही माहीत असते आणि दुसऱ्यात ते फक्त वही ज्याच्याकडे आहे त्याला माहीत असते. म्हणून वहीचे एक पान त्या माणसाच्या नावाने असावे, त्यावर तारीख, कापलेली रक्कम आणि उरलेली बाकी असावी, आणि दर महिन्याला दोघांची सही. पगाराच्या स्लिपवर 'अग्रिम वसुली' अशी वेगळी ओळ असावी. बिघाड सुरू झाला हे ओळखायला फार शहाणपण लागत नाही. लागोपाठ दोन महिने बाकीचा आकडा खाली आला नाही, जुने फिटण्याआधी नवे दिले गेले, कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या बॉण्डवर सही घेतली गेली, एटीएम कार्ड मालकाच्या गल्ल्यात राहिले, किंवा शाळेने शिक्षकाच्या मूळ गुणपत्रिका 'सांभाळायला' ठेवल्या, तर तो अग्रिम राहिलेला नाही. विशेषतः कागदपत्रे ठेवून घेण्याची सवय चांगल्या घरच्या मालकांनाही असते आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. कृपा करून ती सोडा. हप्त्यांच्या कागदावर सही असली की मूळ प्रमाणपत्र ठेवण्याने तुमची वसुली एका पैशानेही पक्की होत नाही, फक्त माणसाला दुसरी नोकरी शोधता येत नाही.

कायदाही याच दिशेने आहे. 1936च्या वेतन प्रदान कायद्याची जागा आता वेतन संहिता, 2019 ने घेतली आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्या कलम 18 प्रमाणे दिलेल्या अग्रिमाची वसुली पगारातून करता येते, पण सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. यात भविष्य निर्वाह निधी वगैरेही धरावा लागतो, म्हणून मी जड हप्ताही तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवला आहे. अग्रिमावर व्याज घ्यायलाही कायद्यात वाव आहे. तो वापरू नये ही माझी विनंती आहे, कारण वर काढलेल्या 1,170 रुपयांसाठी तुम्ही व्याजाचा रकाना उघडलात की तुमच्यात आणि सावकारात फरक फक्त दराचा उरतो. रक्कम रोख न देता खात्यावर द्या. वीस हजार आणि त्यापुढचे कर्ज रोखीने घ्यायला किंवा फेडायला आयकराच्या कायद्यात मनाई आहेच, पण त्याखालची रक्कमही खात्यावरून गेली की 'दिले', 'नाही मिळाले' हा वाद उद्भवत नाही.

जिनिंगवाल्यांना मात्र हे सारे जसेच्या तसे लागू होत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे बहुतेक कामगार कापूस येऊ लागल्यावर लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी सुटतात. जूनमध्ये त्यांना पैसे देणे म्हणजे काम सुरू होण्याआधी दिलेली उचल, आणि तिथे मी सांगितलेली कुठलीच खबरदारी पुरी पडत नाही. पाच महिने वसुली नाही आणि मग सगळा हंगाम त्या पैशाखाली. म्हणून माझी विनंती त्यांच्या वर्षभर कामावर असणाऱ्या माणसांपुरतीच आहे, म्हणजे फिटर, काटेवाला, चौकीदार, दिवाणजी. हंगामी मजुरांसाठी काही करायचे असेल तर हंगाम संपताना त्यांचा पूर्ण हिशेब चुकता करून द्या. मार्चमध्ये वेळेवर हातात पडलेला पैसा जूनपर्यंत थोडा तरी टिकतो.

राहिला पाऊस. जूनमध्ये पेरले आणि पावसाने महिनाभर दडी मारली, दुबार पेरणी करावी लागली, किंवा वेचणीच्या तोंडावर अतिवृष्टीने बोंडे सडली, तर नोव्हेंबरचा 3,500चा हप्ता कुठून येणार? नमुन्यात 'पीक हातचे गेल्यास' हे वाक्य त्यासाठीच आहे. ऑक्टोबरचा हप्ता कापल्यावर 13,500 बाकी राहते. नोव्हेंबर ते एप्रिल महिना 2,000 आणि मे महिन्यात 1,500 कापले तरी मेअखेर खाते निल होते, आणि पुढच्या मृगाला तो माणूस जुनी बाकी घेऊन येत नाही. पीक गेले की नाही याचा पुरावा म्हणून तलाठ्याचा पंचनामा पुरे. तो वेळेत झाला नाही तर गावात सगळ्यांना दिसतेच. तुमचे पैसे तीन महिने उशिरा येतील, त्याची तुमची जादा किंमत दोनशे रुपयांच्या आसपास पडेल. दुबार पेरणीसाठी मात्र दुसरा अग्रिम देऊ नका, मागितला तरी. त्याऐवजी जुलै-ऑगस्टचे हजाराचे हप्ते पुढे ढकला. त्याने दोन पाकिटांचे पैसे सुटतात आणि कर्जाचा आकडा वाढत नाही.

अर्ज 25 मेपर्यंत घ्या, 31 मेपर्यंत होय किंवा नाही लेखी कळवा. नाही म्हणायचे असेल तरी तारखेच्या आत म्हणा, म्हणजे त्याला दुसरी वाट पाहायला आठवडाभर तरी मिळेल. पैसे 5 जूनपर्यंत खात्यावर जावेत. पहिली कपात जुलैच्या पगारातून आहे, जूनच्या नाही. जूनचा पगार पूर्ण द्यावा, कारण खुरपणीची मजुरी त्याच आठवड्यात द्यावी लागते.

आपला नम्र,
पगारपत्रके लिहिणारा एक हिशेबनीस
इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड